शोच्या आठवड्यात क्रिएटिन बंद करायचं की चालू ठेवायचं?

जिमवाला_पोऱ्या: पुढच्या रविवारी मेन्स फिजिकचा शो आहे, पहिलाच. रोज ५ ग्रॅम क्रिएटिन चालू आहे. कोच म्हणतो आजपासून बंद कर, नाहीतर स्टेजवर पाणी दिसेल. खरंय का?

ड्राय_लुक: कोच बरोबर बोलतोय भावा. क्रिएटिन पाणी धरतं हे सगळ्यांना माहितीय. मी तर १० दिवस आधीच बंद करतो आणि शेवटचे दोन दिवस पाणी पण तोडतो, मग कट्स उठतात.

जुना_लिफ्टर: पाणी धरतं हे खरं, पण धरतं कुठे ते बघ ना. मुख्यतः स्नायूच्या आत, आणि तेच तर तुला स्टेजवर भरलेलं दिसायला हवंय. दुसरं म्हणजे बंद केलं म्हणून ते आठवड्यात जात नाही, शरीर रोज साधारण २ ग्रॅमच वापरतं, भरलेले स्नायू मूळ पातळीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे आज बंद करून रविवारपर्यंत तू फारसं काही घालवत नाहीस. आणि पाणी तोडलंस तर ते फक्त कातडीखालचंच जातं असं नाही, स्नायूतलंही जातं, कार्ब खाऊनही पंप येत नाही कारण ग्लायकोजेन साठतानाच ग्रॅममागे जवळपास ३ ग्रॅम पाणी लागतं. त्याला आपण फ्लॅट झाला म्हणतो.

ड्राय_लुक: मग अनुभवी लोक टायमिंग का बदलतात? उगाच?

जुना_लिफ्टर: उगाच नाही. वजनाच्या गटातला माणूस घे. गट ७० पर्यंतचा, हा ७१ वर अडकलाय. लोडिंग केलेलं असेल तर एखादा किलो त्याचाच असू शकतो, पण तो उतरवायचा तर महिनाभर आधी बंद करायला हवं होतं. शेवटच्या आठवड्यात फक्त नवं लोडिंग टाळायचं, रोज २० ग्रॅम घेतलं की वजन वर जातं आणि एकदम मोठा डोस मारला की पोट फुगतं, जुलाबही लागतात. मेन्स फिजिकमध्ये गट उंचीवर असतात, त्यामुळे तुला वजनाचं टेन्शन नाही.

सातारकर_आई: माझ्या मुलाचा क्रिएटिनिन रिपोर्ट जास्त आलाय, हेच ना ते? बंद करू का?

जुना_लिफ्टर: ताई, तो वेगळा विषय. क्रिएटिन घेतलं की तो आकडा थोडा वाढू शकतो, पण तेवढ्यामुळेच वाढलाय असं धरून बसू नका, मुलगा काय घेतो ते डॉक्टरांना सांगा.

फिजिक_नागपूर: मी शोच्या दिवशी घेत नाही, फक्त पोटासाठी. आदल्या रात्रीपर्यंत ३ ग्रॅम, भातासोबत. फरक दिसतो असं छातीठोक सांगणार नाही.

ड्राय_लुक: माझा तर दिसतो. फोटो आहेत.

जुना_लिफ्टर: त्यात पाणी, मीठ, कार्ब, सगळंच बदललंय तू, क्रेडिट क्रिएटिनला का? आणि लघवीवाटे पाणी काढणारी गोळी कोणी दिली तर घेऊ नकोस, १९९२ मध्ये बॉडीबिल्डर मोहम्मद बेनाझिझा शोनंतर काही तासांतच गेला होता.

जिमवाला_पोऱ्या: गोळी नाही घेत. पण कोचला काय सांगू?