शब्दचर्चा: ‘एव्हाँत्युएलमाँ’ आणि ऑफिसातल्या फ्रेंच मेल

मधुरा

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आमचा ग्राहक लियोंचा आहे. मेल फ्रेंचमध्येच लिहाव्या लागतात. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवते आणि मग ते फ्रेंचमध्ये उतरवते. व्याकरण बहुतेक बरोबर असतं, पण तिथल्या सहकारी बाई परवा म्हणाल्या, “तुमचं फ्रेंच कळतं, पण वाचताना त्यामागचं इंग्रजी ऐकू येतं.” गेल्या आठवड्यात तर या सवयीने घोळच झाला. मी पाठवलेली मेल उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते:

“बोंजूर मादाम. जेस्पेर क स कुरिएल वू त्रुव्ह ब्यँ. नू सोम देझोले पूर ल देले. ल प्रोब्लेम एताँ त्रँ देत्र आद्रेसे पार नोत्र एकिप, ए नू लिव्हररों एव्हाँत्युएलमाँ ल मोद्युल व्हाँद्रदी. आँ रगार्दाँ आँ नाव्हाँ आ व्होत्र रेपोंस. मेय्यर रगार.”

मला म्हणायचं होतं: ही मेल पोचेल तेव्हा आपण खुशाल असाल अशी आशा आहे, उशिराबद्दल क्षमस्व, आमची टीम अडचणीवर काम करते आहे, शेवटी शुक्रवारी मॉड्यूल मिळेल, उत्तराची वाट पाहते, शुभेच्छा. उत्तर आलं एका ओळीचं: “व्हाँद्रदी, वी ऊ नों?” म्हणजे शुक्रवारी, हो की नाही? मी तर ‘मिळेल’ असंच लिहिलं होतं. चुकलं कुठे?

निखिल

ताई, तुझी मुख्य अडचण कर्मणी प्रयोगाची. फ्रेंच लोक कर्मणी वापरतच नाहीत, सगळीकडे ‘ओं’ हा मोघम कर्ता घालतात. ‘ओं त्रेत ल प्रोब्लेम’ लिही, झालं काम.

अनुवादक काका

निखिल, अर्धं बरोबर आहे तुझं. अडचणीचं वाक्य खरंच जड झालंय, पण कर्मणीवर फ्रेंचचा राग नाही. ‘ल मोद्युल वू सरा लिव्ह्रे व्हाँद्रदी’, मॉड्यूल तुम्हाला शुक्रवारी दिलं जाईल, हे वाक्य कर्मणीच आहे आणि अगदी सहज आहे, कारण तिथे कोण देतंय यापेक्षा काय मिळणार हे महत्त्वाचं. जड होतं ते ‘एताँ त्रँ देत्र आद्रेसे’ या तीन मजली रचनेमुळे. आणि ‘ओं’ला बोलण्यातल्या ‘आम्ही’चा सैलपणा असतो. उशिराबद्दल क्षमा मागणाऱ्या मेलमध्ये मी तो वापरणार नाही, सरळ ‘नोत्र एकिप’ म्हणजे ‘आमची टीम’ हा कर्ता घेईन.

मधुरा, तुझा ग्राहक चिडला तो मात्र एकाच शब्दाने. ‘एव्हाँत्युएलमाँ’ दिसतो इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’सारखा, पण फ्रान्समध्ये त्याचा अर्थ ‘जमलंच तर’, ‘वेळ पडल्यास’ असा. तू लिहिलंस ‘शेवटी शुक्रवारी देऊ’, त्यांनी वाचलं ‘जमलं तर शुक्रवारी देऊ’. आधीच उशीर झालेला, त्यात हे. म्हणून ‘हो की नाही’ असा प्रश्न आला. आपल्याकडे हिंदीतली ‘शिक्षा’ आणि मराठीतली ‘शिक्षा’ यांचं जे होतं तेच हे. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून आपण शब्दकोश उघडतच नाही.

‘शेवटी’ म्हणायला फ्रेंचमध्ये ‘फिनालमाँ’ आहे, पण इथे त्याचीही गरज नाही. त्यांना तारीख हवी आहे. ‘व्हाँद्रदी ओ प्ल्यु तार’, म्हणजे उशिरात उशिरा शुक्रवारी, एवढं लिहिलं की शंका उरत नाही.

माँत्रेआलकर

काका, एक भर घालतो. आमच्याकडे क्वेबेकमध्ये ‘एव्हाँत्युएलमाँ’ ‘पुढेमागे, शेवटी’ या अर्थाने सर्रास ऐकू येतो. इथल्या भाषेवर इंग्रजीचा शेजार आहे. इथले भाषातज्ज्ञही त्याला चूकच म्हणतात, पण लोक बोलतात. त्यामुळे वाचणारा माँत्रेआलचा असता तर मधुराला कदाचित तो प्रश्न आलाच नसता. उलट तिने वापरलेला ‘कुरिएल’ हा मेलसाठीचा शब्द आमच्याकडूनच गेलेला आहे. फ्रान्सने तो 2003 मध्ये अधिकृत केला, तरी तिथल्या ऑफिसात बोलताना ‘मेल’च जास्त ऐकू येतो.

मधुरा

एव्हाँत्युएलमाँचं समजलं, आणि मनाला लागलंही. आता ‘देले’चं सांगा. तो तर ‘डिले’च ना?

अनुवादक काका

नाही! ‘देले’ म्हणजे दिलेली मुदत. तुझं वाक्य झालं ‘मुदतीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’. ‘देले द लिव्हरेझों’ म्हणजे माल द्यायला लागणारा ठरलेला काळ, त्यात दिलगीर होण्यासारखं काही नाही. उशीर म्हणजे ‘रतार’. दोन्ही शब्द एका वाक्यात घेतले की फरक पक्का होतो: ठरलेल्या ‘देले’च्या आत काम झालं नाही, म्हणून ‘रतार’ झाला.

क्षमा मागण्यातही एक खाच आहे. बरेच जण ‘ज मेक्स्क्यूझ’ लिहितात. बोलताना ते चालतं. पण जुन्या वळणाच्या वाचकाला ते ‘मी मला माफ करतो’ असं ऐकू येतं. ग्राहकाला लिहिताना ‘ज वू प्री द मेक्स्क्युझे’, म्हणजे मला क्षमा करावी अशी विनंती, हे बरं.

शुभांगी

मला याच्या उलट हवं होतं. फ्रेंच मेलच्या शेवटी ‘कोर्दियालमाँ’ असतं ते मराठीत कसं आणायचं? माझ्या मुलीच्या शाळेला पॅरिसच्या शाळेकडून पत्रं येतात आणि मी ती पालकसभेत मराठीत वाचून दाखवते. ‘मनःपूर्वक’ म्हटलं तर फार भावनिक वाटतं.

अनुवादक काका

शुभांगीताई, इथला धागा इंग्रजीतून फ्रेंचचा आहे, पण तुमच्या प्रश्नातच मधुराचं एक उत्तर आहे. ‘कोर्दियालमाँ’ मुळात हृदयावरून आलेला असला तरी आज तो साधा ‘आपला’, ‘आपली’ इतकाच उरला आहे. सभेत वाचताना ‘कळावे, आपली’ म्हणा, पुरे. आणि मधुराने इंग्रजी ‘बेस्ट रिगार्ड्स’चं ‘मेय्यर रगार’ केलं, तिथेही हाच शब्द हवा. फ्रेंच ‘रगार’ म्हणजे नजर! ‘उत्तम नजरा’ असं लिहून तिने मेल संपवली. ‘मेय्यर साल्युतास्यों’ मात्र स्वित्झर्लंडमध्ये चालतं. फ्रान्समध्ये ‘कोर्दियालमाँ’ किंवा किंचित ऊबदार ‘ब्यँ कोर्दियालमाँ’.

केतकी

मी पाँडिचेरीत फ्रेंच शिकले आणि आता नाशिकमधून अनुवादाची कामं करते. माझा अनुभव जरा वेगळा आहे. आपल्या ऑफिसातलं ‘काइंडली डू द नीडफुल’ ऐकून परदेशी लोक हसतात, म्हणून मी फ्रेंचमध्ये ते कधी लिहायचेच नाही. मग कळलं की ‘मेर्सी द फेर ल नेसेसेर’, म्हणजे आवश्यक ते करावे, हे फ्रेंच ऑफिसात रोज लिहिलं जाणारं वाक्य आहे! इंग्रजीत अवघडलेलं वाटणारं तिथे अगदी घरचं. त्यामुळे इंग्रजीसारखं दिसतं म्हणून सगळंच खोडू नका. ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’चंही तसंच, ‘व्हये त्रुव्हे सी-ज्वँ’ छान फ्रेंच आहे.

फक्त ‘सी-ज्वँ’ म्हणजे ‘सोबत जोडलेलं’ याचं लिंग सांभाळा. शब्द नामाच्या मागून आला तर जुळवायचा, स्त्रीलिंगी बिल असेल तर ‘ला फाक्त्यूर सी-ज्वँत’. वाक्याच्या सुरुवातीला आला तर तसाच ठेवायचा, ‘सी-ज्वँ ला फाक्त्यूर’. मी पहिली दोन वर्षं सगळीकडे जुळवत होते.

निखिल

मग ‘आय विल गेट बॅक टू यू’चं ‘ज रव्ह्यँ व्हेर वू’ पण बरोबर ना? आमचे पॅरिसवाले सगळे हेच लिहितात.

अनुवादक काका

लिहितात, खरं आहे. शब्दशः अर्थ ‘मी तुमच्याकडे परत येतो’. फ्रेंच भाषेची काळजी वाहणाऱ्यांना हे पटत नाही. परत यायला आधी कुठून तरी निघालेलं असावं लागतं, आणि हे वळण ऑफिसच्या बोलीतून घुसलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. मीही टाळतो. ‘ज वू रेपों दिसी व्हाँद्रदी’, शुक्रवारपर्यंत उत्तर देतो, यात तारीखही येते.

केतकी

काका, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. तिथले लोक रोज हेच लिहित असतील तर आपण बाहेरून जाऊन त्याहून शुद्ध का लिहायचं? उलट मग आपलंच पत्र वेगळं दिसेल. मी ते वापरते आणि आजवर कुणी टोकलं नाही.

अनुवादक काका

तुम्ही अनुवाद कुणासाठी करता त्यावर आहे ते. टीममधल्या माणसाला चालेल. वकिलाच्या किंवा सरकारी कार्यालयाच्या पत्रात मी अजूनही हात आखडता घेईन. ‘आद्रेसे अँ प्रोब्लेम’बद्दल मात्र मी हटणार नाही. ‘आद्रेसे’ म्हणजे कुणाच्या तरी नावे धाडणं, पत्र, तक्रार, शुभेच्छा. अडचण धाडत नाहीत, ती ‘त्रेते’ करतात, म्हणजे हाताळतात.

मधुरा

आणि शेवटचं ‘वाट पाहते’?

अनुवादक काका

तुझं वाक्य ‘तुमच्या उत्तराकडे पुढे बघत’ असं झालंय. फ्रेंचमध्ये ‘दाँ लाताँत द व्होत्र रेपोंस’, आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत. पण यात एक सापळा आहे आणि त्यात फ्रेंच लोकही पडतात. यापुढे ‘व्हये आग्रेए…’ लिहिलं तर मराठीत काय होतं बघ: “उत्तराची वाट पाहत, आपण माझा नमस्कार स्वीकारावा.” वाट कोण पाहतंय? वाक्याप्रमाणे ‘आपण’! म्हणून कर्ता ‘मी’ ठेवायचा: ‘दाँ लाताँत द व्होत्र रेपोंस, ज वू प्री दाग्रेए…’, वाट पाहत मी आपणास विनंती करतो की… अर्थात हा लवाजमा छापील पत्राचा. रोजच्या मेलमध्ये ‘कोर्दियालमाँ’वर थांबायचं.

आता तुझी मेल मी अशी लिहीन:

“बोंजूर मादाम. ज वूझेक्री ओ स्युजे द्यु रतार द लिव्हरेझों द्यु मोद्युल, ए वू प्री द नूझाँ नेक्स्क्युझे. नोत्र एकिप त्रेत ल प्रोब्लेम. ल मोद्युल वू सरा लिव्ह्रे व्हाँद्रदी ओ प्ल्यु तार. ज रेस्त आ व्होत्र दिस्पोझिस्यों. ब्यँ कोर्दियालमाँ.”

मॉड्यूलला झालेल्या उशिरासंबंधी लिहितो आहे, त्याबद्दल आम्हाला क्षमा करावी. आमची टीम अडचण हाताळते आहे. मॉड्यूल उशिरात उशिरा शुक्रवारी मिळेल. काही लागल्यास मी आहेच. आपला. ‘ही मेल आपणास खुशाल गाठो’ मी पूर्ण गाळलं. उशीर झालेल्या ग्राहकाला आधी उशिराची गोष्ट हवी असते.

मधुरा

‘मादाम’ राहू दे का? त्या मला आता पहिल्या नावाने आणि ‘त्यु’ने लिहितात. मी अजून ‘वू’च लिहिते. आपल्याकडे वयाने मोठ्या बाईंना ‘तू’ म्हणायला जीभ रेटत नाही.

माँत्रेआलकर

त्यांनी सुरुवात केली असेल तर ‘त्यु’ म्हण. तू ‘वू’वर अडून राहिलीस तर त्यांना वाटेल की तुला अंतर ठेवायचं आहे.

केतकी

पण उशिराची ही मेल त्यांच्या साहेबांनाही जाणार असेल तर त्या एका मेलपुरतं ‘वू’ ठेव. मीही असंच करते. बाईंना वेगळं दोन ओळी ‘त्यु’ने लिही.