शिताकेचं भिजवलेलं पाणी आटवलं की कडवट होतंय, मदत हवी आहे

सुक्या शिताके मशरूमचं पाणी सूपसाठी वापरते, 30 ग्रॅम मशरूमला साधारण अर्धा लिटर. आधी उकळतं पाणी ओतून अर्धा तास ठेवायचे, त्यात पाणी लगेच काळपट होतं पण चव उग्र येते आणि टोप्या मधे चिवटच राहतात. म्हणून आता गार पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते, मशरूम आतपर्यंत मऊ होतात, पाणी फिक्या चहाच्या रंगाचं, वास एकदम मस्त.

नुसतं गार पाणी चाखलं तर चव फारशी नसते, ती मंद आचेवर 60-70 अंशांतून हळूहळू गरम करताना येते (उमामीवाला ग्वानिलेट त्याच टप्प्यात तयार होतो), तेही करते आणि फरक खरंच कळतो. इथपर्यंत सगळं छान.

अडतंय पुढे. चव दाट व्हावी म्हणून हेच पाणी निम्मं आटवलं की जिभेच्या मागे कडवटपणा राहतो. गाळाचा प्रश्न नाही, वरचं पाणी अलगद ओतून तळाचं सोडते आणि सुती कापडातून गाळते, तरी तेच. मीठ आटवून झाल्यावरच घालते, देठ आधीच काढलेले असतात. साखर घालायची नाहीये, आणि सूप शाकाहारीच हवंय.

मग आटवणंच बंद करून सुरुवातीलाच कमी पाण्यात भिजवू का? तसं केलं तर 30 ग्रॅमला किती पाणी घ्यायचं म्हणजे मशरूम नीट फुगतील आणि कडवटपणाही येणार नाही?