सीए इंटर: सात मार्कांनी ग्रुप राहिला, पुढच्या वेळी दोन्ही ग्रुप एकत्र द्यावेत का?

सुखदा_राजेंद्रनगर
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. धाकट्या बहिणीने सीए इंटरचा फक्त पहिला ग्रुप दिला होता. ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगमध्ये ५८, लॉमध्ये ४४, टॅक्सेशनमध्ये ४१. तिन्ही पेपर पास दिसतायत पण टोटल १४३ आणि लागतात १५०, म्हणून ग्रुप फेल. ती सारखी म्हणतेय की अकाउंट्सचे जास्तीचे मार्क वायाच गेले. भंवरकुआंच्या क्लासमध्ये तिच्या मैत्रिणी म्हणतात की पुढच्या वेळी दोन्ही ग्रुप एकदम दे, म्हणजे एका ग्रुपचे मार्क दुसऱ्याला लागतात. हे खरं का? आणि खरं असलं तरी करावं का? फॉर्म भरायची वेळ जवळ येतेय आणि घरी रोज यावरून वाद, बाबा म्हणतात एकच दे, आई म्हणते दोन्ही.

भूषण_लोकमान्यनगर
अगदी खरं आहे, डोळे मिटून दोन्ही भरा. सहाही पेपरची टोटल ३०० झाली की दोन्ही ग्रुप पास. एका पेपरला ३६-३८ आले तरी बाकीचे भरून काढतात, त्यालाच तर सेट ऑफ म्हणतात ना.

मीनल_काकू
अगं आमच्या भाच्याचं पुण्यात दहावीला अस्संच झालं होतं, गणितात ३० आणि विज्ञानात ४४, तरी पास झाला कारण दोन्ही मिळून ७० झाले की चालतं, फक्त प्रत्येकात २५ तरी हवेत. तिला बोर्डात अर्ज करायला सांग ना.

सुखदा_राजेंद्रनगर
काकू, ते महाराष्ट्र बोर्डाचं झालं. हे सीएचं आहे, इथे बोर्ड नाही, इन्स्टिट्यूट आहे.

अनिरुद्ध_सीए_इंदूर
सुखदा, मी इथेच प्रॅक्टिस करतो, दर रिझल्टला ऑफिसातली पोरं हाच प्रश्न घेऊन येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भूषणचं अर्धं दुरुस्त करतो. ३०० चं बरोबर आहे, ३८ चं चूक. प्रत्येक पेपरला ४० हवेतच, तिथे कुठलाच सेट ऑफ लागत नाही. वरचढ मार्क भरून काढतात ते फक्त ४० आणि ५० च्या मधली तूट. म्हणजे बहिणीचे अकाउंट्सचे जास्तीचे मार्क वाया गेलेले नाहीत, ते वापरलेच गेलेत. ५० च्या वर ८ होते, लॉमध्ये ६ कमी, टॅक्समध्ये ९ कमी, ८ मधून १५ गेले की उणे ७. तेच सात.

आता दोन्ही ग्रुप एकदम दिले तर काय होतं ते बघ. समज पहिल्यात ५२, ४३, ४५ आले, टोटल १४०, एकट्याने दिला असता तर फेल. दुसऱ्यात कॉस्टिंग ५५, ऑडिट ५७, एफएम-एसएम ५०, टोटल १६२. दोन्ही मिळून ३०२, म्हणून दोन्ही पास. पण तेच दुसऱ्या ग्रुपमध्ये ५५, ३८, ७० आले तर? टोटल १६३, म्हणजे आधीपेक्षा एक जास्तच, दोन्हींची बेरीज ३०३, तरी दोन्ही ग्रुप फेल. त्या एका ३८ ने सगळं अडवलं. मी अशी मार्कशीट हातात धरून बसलेली मुलं पाहिलीत आणि फार वाईट वाटतं, कारण त्यांना कोणी आधी सांगितलेलंच नसतं की ४० चं दार वेगळं आहे आणि ५० चं वेगळं.

भूषण_लोकमान्यनगर
ओके ४० चं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग दोन्ही देण्यात नुकसान काय? पहिल्यात स्वतंत्र १५० आले तर तो पास होईलच ना, दुसरा बुडाला तरी?

अनिरुद्ध_सीए_इंदूर
हो, नियमाने नुकसान शून्य. ग्रुप आधी आपापले बघतात. नुकसान अभ्यासात आहे. जिचं टॅक्स ४१ वर आहे ती सहा पेपरात वेळ वाटायला गेली तर टॅक्स ३९ वर यायला वेळ लागत नाही.

आणि सुखदा, मला त्या मार्कशीटमध्ये सातपेक्षा दोनच आकडे खुपतात, ४१ आणि ५८. ४१ म्हणजे काठावर, एक प्रश्न चुकला असता तर पेपरच गेला असता. आणि ५८ म्हणजे ६० ला दोन कमी. ६० आले असते तर ग्रुप फेल होऊनही त्या पेपरचं एक्झम्प्शन मिळालं असतं, पुढच्या तीन परीक्षांपर्यंत तो पेपर द्यायचा नाही आणि त्याचे ६० टोटलमध्ये धरले जातात. म्हणजे लॉ आणि टॅक्स मिळून ९० आणले की झालं, दोन्हीत ४० सांभाळून. म्हणूनच मी पोरांना सांगतो, एक पेपर ६० च्या पुढे न्यायचाच असा धर. ५९ पर्यंतचे जास्तीचे मार्क त्या दिवसापुरते, ६० चे पुढच्या अटेम्प्टला सोबत येतात. फक्त ग्रुपचे सगळे पेपर दिलेले हवेत, एक पेपर सोडून घरी बसलं तर एक्झम्प्शन नाही.

कौस्तुभ_वडोदरा
माझं सेट ऑफनेच निघालंय. दुसऱ्या ग्रुपला चांगले होते, पहिला एकटा अडकला असता. पण खरं सांगतो, दोन्ही ग्रुपचा अभ्यास एकदा पूर्ण झालेला होता म्हणून जमलं, नवीन नव्हता. बहिणीने ग्रुप दोन वाचलाय का आधी?

आणि एक, टॅक्सच्या पेपरात इन्कम टॅक्स ५० आणि जीएसटी ५०, दोन्हींना वेगळं पासिंग नाही, पेपरची टोटल ४० बघतात. म्हणजे पेपरच्या आतही एक सेट ऑफ आहेच. मी जीएसटी पक्का करून टॅक्स वर काढला. एफएम-एसएमलाही तसंच, गणित जमत नसेल तर एसएमची थिअरी ओढते.

सुखदा_राजेंद्रनगर
ग्रुप दोनचं कॉस्टिंग झालंय, ऑडिट पुस्तक उघडलंच नाहीये. टॅक्समध्ये तिचं म्हणणं जीएसटीच राहिला होता. फेरतपासणीला टाकावं का?

अनिरुद्ध_सीए_इंदूर
फेरमूल्यांकन नसतंच, व्हेरिफिकेशनमध्ये बेरीज आणि न तपासलेलं उत्तर राहिलंय का एवढंच बघतात. ३९ वर अडकलेल्याने जरूर टाकावं, सात मार्क मिळायची आशा इथे कमी. रिझल्टपासून महिन्याच्या आत टाकावं लागतं. त्यापेक्षा उत्तरपत्रिकेची प्रत मागवा, टॅक्समध्ये मार्क नक्की कुठे गेले ते कळेल.

ऑडिट उघडलंच नसेल तर माझं मत एकच ग्रुप. २०२४ पासून इंटर वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे, सप्टेंबर, त्यामुळे चार महिन्यांनी दुसरा देता येतो. पण हेही ध्यानात ठेवा की तीन परीक्षांचं एक्झम्प्शन त्यामुळे वर्षभरातच संपतं.

मृण्मयी_ग्वाल्हेर
मी याच्याशी सहमत नाही. नवीन स्कीममध्ये दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय आर्टिकलशिप सुरूच होत नाही. एकेक करत बसली तर एक ग्रुप परत राहिला की पुन्हा चार महिने. चार महिन्यांत ऑडिट होतं, मी केलंय, ४५ आणायला अख्खं पुस्तक लागत नाही.

अनिरुद्ध_सीए_इंदूर
४५ आले तर उत्तम, ३८ आले तर सेट ऑफ गेला, एवढंच माझं म्हणणं. पण आर्टिकलशिपचा मुद्दा बरोबर आहे, तो मी धरला नव्हता.

कौस्तुभ_वडोदरा
एक प्रश्न माझाही. पहिल्या ग्रुपमध्ये जुनं एक्झम्प्शन असेल आणि आता दोन्ही ग्रुपचा फॉर्म भरला तर ते जुने ६० सहाशेच्या टोटलमध्ये धरतात का? इथे दोन सीनियरनी दोन उत्तरं दिली.

अनिरुद्ध_सीए_इंदूर
त्या ग्रुपच्या तीनशेत नक्की धरतात. सहाशेचं कुणाच्या सांगण्यावर जाऊ नको, फॉर्म भरायच्या आधी परीक्षा विभागाला मेल कर आणि लेखी उत्तर घे.

सुखदा_राजेंद्रनगर
बहिणीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते आधी प्रत मागवते, जीएसटीचं बघते, आणि ऑडिटचे पहिले दोन चॅप्टर या रविवारपर्यंत झाले तरच दोन्हीचा फॉर्म. मृण्मयी, ऑडिटला तू सुरुवात कुठून केली होतीस?