फोटोखालच्या मजकुराला 'मथळा' म्हणावं का, आणि '-ताना'चं काय करावं?

पागोळी: एका संस्थेच्या वार्षिक अहवालाचं संपादन करतेय. काम पाणलोटाचं आहे. दोन शब्दांपाशी अडलेय. फोटोखालच्या मजकुराला आमचे सचिव 'मथळा' म्हणतात, डिझायनर 'कॅप्शन' म्हणतो. आणि लेखातलंच एखादं वाक्य मोठ्या अक्षरांत पानाच्या मध्ये टाकतात ना, त्याला डिझायनर 'पुलकोट' म्हणतो. सचिवांनी विचारलं, "हा कुठला कोट?" मराठीत याला काय म्हणतात?

खरं दुखणं पुढे आहे. अहवालात २२ फोटो आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाखाली शेजारच्या परिच्छेदातलंच वाक्य आहे. नमुना देते. मजकूर: "ओढ्यावर बंधारे बांधल्याने विहिरींची पाणीपातळी वाढली." फोटोखाली: "विहिरीतील वाढलेली पाणीपातळी दाखवताना ग्रामस्थ." याच पानावर मोठ्या अक्षरांत: "विहिरींची पाणीपातळी वाढली!" वाचणाऱ्याला एकच गोष्ट तीनदा ऐकावी लागते.

तीनतेरा: मथळाच बरोबर. इंग्रजी कॅप्शनमध्ये 'कॅप' आहे, म्हणजे डोकं, आणि मथळा माथ्यावरून आला. दोन्ही एकच.

जुना उपसंपादक: मथळा माथ्याशी जोडलेला आहे, मान्य. म्हणूनच तो वर असतो, फोटोच्या खाली नाही. कॅप्शनचं मूळ मात्र डोक्याचं नाही, पकडण्याचं, ताब्यात घेण्याचं आहे. आमच्या डेस्कवर 'फोटोओळ' किंवा नुसतं 'ओळी' म्हणत. "ओळी आल्या का?" असं विचारलं की सगळ्यांना कळायचं. तुम्ही 'फोटोओळ' म्हणा. सचिवांना शब्द साधा वाटत असेल तर 'छायाचित्रओळ' करा.

आता '-ताना'. मराठी फोटोओळीला जडलेली ही जुनी खोड आहे: उद्घाटन करताना, पाहणी करताना, मार्गदर्शन करताना. '-ताना' लावलं की वाक्यात क्रियापद नसलं तरी चालतं, आणि क्रियापद नसलं की काही सांगायची जबाबदारीही उरत नाही. माणूस पाहणी करतोय हे फोटोत दिसतंच. मी नवीन मुलांना एकच काम लावायचो: ओळीतला जो शब्द डोळ्यांना फोटोत दिसतो तो पेन्सिलने खोडायचा. उरेल ती फोटोओळ. "वृक्षारोपण करताना विद्यार्थी" यातलं काहीच उरत नाही. मग वार्ताहराला फोन लावायचा.

तुमची विहीर घ्या. "विहीर", "ग्रामस्थ", "दाखवताना" खोडा. "वाढलेली" उरतं, पण कशापेक्षा वाढलेली ते नाही. फोटो कोणत्या महिन्यातला आहे?

पागोळी: माहीत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय.

जुना उपसंपादक: मग मूळ फाइल मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली तारीख-वेळेची नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. सप्टेंबरमधली भरलेली विहीर ही बातमी नाही. तेव्हा सगळ्यांच्याच भरलेल्या असतात. मेमधली असेल तर तारीखच निम्मी फोटोओळ आहे.

गोवर्धनधारी: आमच्या पतसंस्थेच्या अहवालात 'डावीकडून' लिहिताना दोन संचालकांची नावं उलटसुलट झाली. वार्षिक सभेत ताळेबंदावर एक प्रश्न आला नाही, यावर अर्धा तास गेला. तेव्हापासून आम्ही नावंच काढून टाकली. तुम्हीही काढा, कटकट मिटेल.

जुना उपसंपादक: उलट झालं हे! नावं हीच तिथली खरी माहिती होती. कोण कुठे उभं आहे हे मजकुरात कुणी लिहीत नाही. काढायचं होतं ते "सभेस उपस्थित मान्यवर". मागची रांग, पुढची रांग वेगळी लिहा आणि छापण्याआधी ज्यांचा फोटो आहे त्यांच्यापैकीच एकाला दाखवा.

पागोळी: फाइल मिळाली. फोटो ११ मेचा आहे! कार्यकर्त्याशी फोनवर बोलले. फोटोत विहिरीच्या कडेला काळी नळी दिसतेय, मला ती मोटरची वाटली होती. ती टँकरची. गेल्या वर्षीच्या मेमध्ये टँकर याच विहिरीत रिकामा करायचे आणि बायका इथूनच शेंदायच्या. यंदा नळी तशीच पडून आहे. आता अशी ओळ केलीय:

"११ मे. डावीकडची काळी नळी टँकरची आहे. गेल्या मेमध्ये टँकर या विहिरीत ओतावा लागे. यंदा विहिरीत चार हात पाणी आहे आणि नळी वापरावी लागलेली नाही."

सचिव म्हणतात लांब झाली. शिवाय अहवाल मार्चअखेरपर्यंतचा, मग मेचा फोटो कसा?

जुना उपसंपादक: लांब नाही. नळीकडे बोट दाखवलंत हे उत्तम, आता वाचणारा फोटो पुन्हा बघेल. मेचा आहे तर मेचा म्हणून छापा, तारीख आहेच. तारखेविना छापलात तर मात्र फसवणूक होईल.

भूजल: एक अडचण सांगतो. गेल्या पावसाळ्यात पाऊस किती झाला? त्याआधीचं वर्ष कोरडं गेलं असेल आणि यंदा झोडपून काढलं असेल, तर बंधारा नसतानाही विहिरीला पाणी राहिलं असतं. एक विहीर, दोन मे, एवढ्यावरून कामाचं श्रेय ठरत नाही. फोटोओळीत "बंधाऱ्यांमुळे" नाही हे बरं केलंत. मजकुरातल्या "बांधल्याने"कडेही बघा. दोन्ही वर्षांचा पाऊस तालुक्याच्या नोंदीतून घेऊन मजकुरात द्या. फोटोओळीत तो कोंबू नका.

तीनतेरा: आणि पुलकोटला 'चौकट' म्हणा. पेपरात तेच म्हणतात.

पागोळी: चौकटीत वेगळा मजकूर असतो ना? इथे तर लेखातलंच वाक्य असतं.

शब्दवेडी: बरोबर, चौकट नाही. 'उद्धृत' घ्या. 'उद्' म्हणजे वर, 'हृ' म्हणजे नेणे. वर काढलेलं! 'अवतरण' खाली उतरतं, 'उद्धृत' वर येतं. 'उचल' मलाही सुचलं होतं, पण ऊसतोडीची उचल आठवते आणि पुढे उचलेगिरी.

जुना उपसंपादक: 'उद्धृत' चालेल. पण ते मुळातच पुनरुक्ती आहे, त्यामुळे नवी भर घालायची तर दोनच वाटा. एक, वाक्य वर काढलं की खालून कापायचं. दुसरी, लेखात नसलेला आवाज आणायचा. लेखात संस्था बोलते, तर वर विहिरीची मालकीण बोलू दे. शेवटच्या प्रुफात मात्र उद्धृत आणि मजकूर शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडा. मजकुरातला आकडा सुधारतात, वर मोठ्या अक्षरांत जुनाच राहतो.

पागोळी: मालकिणीचं वाक्य कार्यकर्त्याच्या वहीत सापडलं: "आमची हीर मे मधी बी उघडी पडली न्हाई." सचिवांनी "विहीर", "मध्येही", "नाही" करून पाठवलं.

शब्दवेडी: 'हीर' ठेवा. अवतरणचिन्हं घातलीत तर शब्द त्यांचेच हवेत.

गोवर्धनधारी: अध्यक्षांचं मनोगत मात्र आपण प्रमाण भाषेत सुधारून छापतो. त्यांच्या 'न्हाई'चं 'नाही' करायचं आणि बाईंचं तसंच ठेवायचं, हे मला पटत नाही.

शब्दवेडी: मनोगत ते लिहून देतात, हे बोललेलं आहे.

गोवर्धनधारी: आमचे अध्यक्ष लिहून देत नाहीत. ते बोलतात, मी लिहितो.

पागोळी: उद्या बाईंनाच फोन करून दोन्ही वाचून दाखवते. डिझायनरला संध्याकाळपर्यंत पान हवंय.