‘डू द नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करू?

होटगीरोडकर (धागाकर्ता)
गड्ड्याच्या सुट्टीत जुनी कपाटं आवरताना सरकारी अर्जाचा एक मसुदा हाती लागला. शेवटी लिहिलेलं: ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ आपण टॉवेलच्या परदेशी गिऱ्हाइकाला हेच तर इंग्रजीत पाठवतो! नमुना देतो:

‘डियर सर, लॅब डिप अटॅच्ड. काइंडली चेक द सेम अँड डू द नीडफुल. रिव्हर्ट टुडे ओन्ली.’

यात कुठलं वाक्य कुठून आलं आणि त्याजागी काय लिहावं, सगळ्यांनी सांगा.

शेंगाचटणी
डू द नीडफुल हे आपल्याच लोकांनी बनवलेलं चुकीचं इंग्रजी आहे. विषय संपला.

पत्रव्यवहार_३०वर्षे
पूर्ण बरोबर नाही. जुन्या ब्रिटिश पत्रांतही ते सापडतं. तिकडे मागं पडलं, आपल्या कचेऱ्यांत टिकलं, कारण ‘योग्य ती कार्यवाही’ला ते अगदी चपखल बसलं. अडचण व्याकरणाची नाहीच. कोणी, काय, कधीपर्यंत करायचं, हे त्यात नसतं. आपल्या अर्जात ते चालतं, कारण साहेबाला कार्यवाही ठाऊक असते. तिकडच्या खरेदीदाराला ठाऊक नसते.

होटगीरोडकरांचाच नमुना घ्या. लॅब डिप म्हणजे रंगाचे ए, बी, सी असे तुकडे गेलेत. गिऱ्हाईक उत्तर देतं, ‘थँक्स, लुक्स गुड.’ कुठला तुकडा? डायहाउस थांबतं, किंवा अंदाजानं ए रंगवतं आणि माल परत येतो. त्यापेक्षा असं लिहा:

‘प्लीज टेल अस विच शेड यू अप्रूव्ह, ए, बी ऑर सी, बाय थर्सडे फोर पीएम युवर टाइम. वी विल स्टार्ट डाइंग ऑन फ्रायडे.’

काम, पर्याय, वेळ आणि पुढं काय होणार, चारही आलं. नीडफुलची गरजच उरली नाही.

माई_जुळेसोलापूर
मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्यानं साहेबाला ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज’ असं पाठवलंय. हे पण त्यातलंच का? आता काय करू?

पत्रव्यवहार_३०वर्षे
माई, आधी त्याचा ताप बघा, मेल नंतर. आणि हो, त्यातलंच. ‘दोन दिवसांपासून’ मधला ‘पासून’ थेट ‘सिन्स’ झालाय. सिन्सनंतर सुरुवातीचा दिवस येतो, ‘सिन्स मंडे’. किती दिवस ते सांगायचं तर ‘फॉर’. ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर टू डेज.’

पद्मशाली_पेठ
‘टुडे ओन्ली’वर बोलू या. आमच्या घरी तेलुगू चालते, तिथंही जोर देणारं अक्षर शब्दाच्या शेवटीच लागतं, मराठीच्या ‘आजच’मधल्या ‘च’सारखं. हिंदीत ‘आज ही’. म्हणून सगळेच ओन्ली मागं जोडतात. पण इंग्रजी वाचणाऱ्याला ते ‘फक्त आज, उद्या नाही’ असं वाटतं, दुकानाच्या सेलच्या पाटीसारखं. तातडी दाखवायची तर ‘बाय द एंड ऑफ टुडे’.

होटगीरोडकर
तरी ‘टुडे’ कुणाचा, हा प्रश्न राहतोच. आपले संध्याकाळचे सहा म्हणजे लंडनला हिवाळ्यात साडेबारा, उन्हाळ्यात दीड. वेळेसोबत गाव लिहावंच.

चिंचोळी_एमआयडीसी
आम्ही ‘वी हॅव अ डाउट इन युवर साइझ’ लिहिलेलं, ७० बाय १४० सेंटिमीटरच्या टॉवेलबद्दल. पलीकडून विचारलं, आमच्या मापावर विश्वास नाही का?

पत्रव्यवहार_३०वर्षे
आपली ‘शंका’ निरागस, त्यांचा ‘डाउट’ अविश्वासाचा. ‘वी हॅव अ क्वेश्चन अबाउट द साइझ’ लिहा आणि प्रश्न लगेच पुढच्या ओळीत घाला: माप धुण्याआधीचं की नंतरचं? टॉवेल धुतल्यावर आटतो, म्हणून खरा प्रश्न तोच असतो.

शेंगाचटणी
बरं, मग ‘रिव्हर्ट’ पण काढायचं? आमच्या बँकेपासून ट्रान्सपोर्टवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं की.

पद्मशाली_पेठ
त्यांना लिहिताना राहू दे. इंग्लंड-अमेरिकेत रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, तिथं ‘रिप्लाय’ लिहा.

पत्रव्यवहार_३०वर्षे
मला देशातल्या मेलमध्येही ‘रिप्लाय’च बरं वाटतं. दोन सवयी ठेवल्या की घाईत चुकीची सवय बाहेर पडते.

पद्मशाली_पेठ
हे नाही पटलं. बँकेला नुसतं ‘रिप्लाय’ लिहिलं तर उद्धट वाटेल.

माई_जुळेसोलापूर
ताप उतरला. मेल दुरुस्त करून परत पाठवायची का, की राहू द्यायची?