ताईच्या लग्नातले तीन मिनिटांचे भाषण : आपलेही अनुभव लिहावेत

धाकटी
गेल्या रविवारी कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात स्वागत समारंभाला गेले होते. वराच्या मित्राने माईक हातात घेतला, 'शेकडो फोटो बाजूला सारून याने हिला निवडले' असे तो कौतुकाने म्हणाला, आणि समोरच बसलेल्या वधूच्या आईने मान खाली घातली. ते पाहून माझ्या मावसबहिणीच्या लग्नात मी केलेले भाषण आठवले, कारण ताई आणि भावजींची ओळखही डेटिंग अ‍ॅपवरच झाली होती.

लिहायला बसण्यापूर्वी मी दोघांना एवढेच विचारले होते, की घरात कोणाला काय ठाऊक आहे. दोघांच्या आईवडिलांना सारे माहीत होते. भावजींच्या आजींना मात्र 'मोबाईलवर ओळख झाली' इतकेच सांगितलेले होते. म्हणून मी आजींच्या ओळखीचे तेच वाक्य घेतले आणि पुढचे सारे भाषण पहिल्या भेटीवर बेतले :

'या दोघांची ओळख मोबाईलवर झाली आणि भेट बालगंधर्वच्या आवारात, भर पावसात. एक जुना दिवाळी अंक कुठेच मिळत नाही, असे ताईने सहज लिहिले होते. भावजी त्या दिवशी चाळीस मिनिटे उशिरा पोहोचले, कारण ते अप्पा बळवंत चौकातली दुकाने पालथी घालत होते. त्यांचा शर्ट चिंब भिजला होता, पण दोन पिशव्यांत गुंडाळलेला अंक कोरडा होता. तो अंक आज ताईच्या रुखवतात मांडलेला आहे, सर्वांनी जरूर पाहावा.'

सदाशिवपेठी
भाषण आवडले, पण मोबाईलचा उल्लेख तरी कशाला करायचा? आमच्या पुतण्याच्या लग्नात 'एका मित्रामुळे ओळख झाली' असे आम्ही सांगितले आणि कोणालाही काही वावगे वाटले नाही.

निवेदक
काका, उल्लेख टाळणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे. मी अनेक वर्षे समारंभांचे निवेदन करतो. एका लग्नात असाच मित्र उभा केला होता. जेवताना वधूच्या मामांनी 'तो मित्र कोणता, त्याला भेटायचे आहे' असा आग्रह धरला, आणि शेजारीच बसलेल्या वराच्या सहकाऱ्याने भाबडेपणाने अ‍ॅपचे नाव सांगून टाकले. मामांना अ‍ॅपचे काही वाटले नाही; आपल्याला फसवले, याचे वाटले. सांगायचे नसेल तर भाषण थेट पहिल्या भेटीपासून सुरू करावे, मधले कोणी विचारत नाही.

मजकूर तीनशे शब्दांच्या आत ठेवावा आणि घरी मोठ्याने वाचून वेळ मोजावी, कारण कार्यालयात आवाज घुमतो आणि सावकाशच बोलावे लागते. आधीच्या भेटी, प्रोफाइलवरचे फोटो आणि दोघांचे खासगी संदेश यांना हात लावू नये. दिवाळी अंकाची गोष्ट संदेशातलीच आहे, पण ती ताईंना विचारून घेतलेली दिसते, म्हणून ती शोभली. शिवाय स्वागत समारंभात आहेर घेऊन रांग उभी असते, तेव्हा कोणाचेच लक्ष नसते. आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजनानंतर दोन्ही घरची माणसे निवांत बसलेली असताना बोलावे.

वरमाय
आमच्या मुलाचेही ऑनलाइनच जमले. विवाहसंस्थेच्या संकेतस्थळावर आम्हीच त्याचे नाव नोंदवले होते, पत्रिकाही आम्हीच जुळवली. हे सांगताना आम्हाला कधीच संकोच वाटला नाही, मग इथे एवढी काळजी कशासाठी?

धाकटी
काकू, तिथे घरच्यांनी पुढाकार घेतलेला असतो, त्यामुळे त्यांना पहिल्यापासून सारे ठाऊक असते. अ‍ॅपवर दोघे आपापले भेटतात आणि घरी पुष्कळ उशिरा कळते. ताईने मावशीला आठ महिन्यांनी सांगितले होते, आणि मावशीला अ‍ॅपपेक्षा त्या आठ महिन्यांचेच अधिक लागले होते. म्हणून मी भाषणात कुठेही तारीख किंवा वर्ष येऊ दिले नाही.

मधली जाऊ
आमच्याकडे वेगळेच झाले. मी अ‍ॅपचा उल्लेख गाळून भाषण केले, आणि नंतर धाकट्या जाऊबाई मला म्हणाल्या, 'वहिनी, आम्ही कुठे भेटलो याची मला लाज नाही, मग तुम्ही ते का लपवलेत?' त्यांना न विचारता मी परस्पर ठरवले, याची खंत आजही वाटते.

निवेदक
ताई, वधू सांगा म्हणते आणि वर नको म्हणतो, असेही मी पाहिले आहे. तिथे मी नको म्हणणाऱ्याचे ऐकले. ते बरोबर होते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सदाशिवपेठी
पुढच्या महिन्यात भाचीच्या केळवणाला दोन शब्द बोलायचे आहेत. तिला आज रात्रीच फोन करून विचारतो, की तिच्या सासरी काय सांगितलेले आहे.

वरमाय
धाकटी, आजींना पुढे कळले का?

धाकटी
रुखवतातला तो अंक आजींनी चष्मा लावून चाळला आणि भावजींना विचारले, 'पण हिला हा अंक हवा आहे हे तुला कळले कसे?' भावजी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांनी पहिल्या संदेशापासून सारे सांगितले.