एकाच फोनवर दोन व्हॉट्सअ‍ॅप: तुमचे अनुभव सांगा

फराळवाली_नौपाडा

दिवाळीच्या तोंडावर माझ्या ऑर्डरींचं व्हॉट्सअ‍ॅप कोरं झालं, म्हणून हा धागा काढतेय.

माझे दोन नंबर. एक घरचा, दुसरा फराळाच्या ऑर्डरींचा. फोनच्या सेटिंगमध्ये ड्युअल अ‍ॅप म्हणून एक बटण आहे, ते चालू केलं की दुसरं व्हॉट्सअ‍ॅप येतं, चिन्हाच्या कोपऱ्यात छोटीशी खूण असलेलं. दोन वर्षं ते बिनतक्रार चाललं. परवा 'जागा संपली' असं यायला लागलं, म्हणून लेकाने ते बटण बंद केलं आणि दोन मिनिटांनी परत चालू केलं. त्याला वाटलं, लाइट घालवून आणल्यासारखं असेल. मधे फोनने 'डेटा काढला जाईल' असं विचारलं होतं म्हणे. त्याने 'ठीक' दाबलं.

नंबर परत टाकला, ओटीपी आला, ग्रुप सगळे दिसले. पण आत एकही जुना मेसेज नाही. कुणाला चकल्या कमी तिखट हव्यात, कुणाचा डबा राममारुती रोडला दुकानात ठेवायचा, सगळं त्याच गप्पांत होतं. बॅकअप रोज पहाटे होतो हे मी स्वतः बघितलं होतं. मग गेलं कुठे? तुमच्यापैकी कोण कसं चालवतं, तेही लिहा.

ऐरोली_लोकल

ताई, बॅकअप गूगल ड्राइव्हवर असणारच. फोनमध्ये जे गूगल अकाउंट आहे त्यावर दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपचा आपोआप जातो. परत इन्स्टॉल करून बघा.

घणसोलीचा_नाना

लोकलभाऊ, अर्धंच बरोबर. गूगल अकाउंट एकच असलं तरी दोन नंबरांचे दोन बॅकअप ठेवता येतात, हे खरं. पण 'आपोआप' नाही.

मी एका कंपनीत कर्मचाऱ्यांचे फोन सांभाळतो, म्हणून हे रोज बघतो. तुमचं खुणेचं व्हॉट्सअ‍ॅप, म्हणजे क्लोन, हे नुसतं दुसरं चिन्ह नव्हे. अँड्रॉइड त्यासाठी आत एक वेगळा वापरकर्ता तयार करतो, एकाच फ्लॅटमध्ये पोटभाडेकरू ठेवावा तसा. त्याचं कपाट वेगळं. तुमच्या नेहमीच्या फायली `/storage/emulated/0` मध्ये असतात, क्लोनच्या काही फोनमध्ये `/storage/emulated/999` मध्ये, काहींत `95` मध्ये. फोन कॉम्प्युटरला जोडून हे दिलंत की या वापरकर्त्यांची यादी दिसते:

```
adb shell pm list users
```

ते बटण बंद करणं म्हणजे भाडेकरूला कपाटासकट बाहेर काढणं. व्हॉट्सअ‍ॅप रात्री फोनमध्येच जी बॅकअप फाइल ठेवतं, तीही त्याच कपाटात असते. म्हणून तीही गेली. ग्रुप परत आले कारण कोण कुठल्या ग्रुपमध्ये आहे हे सर्व्हरवर असतं. पोचलेले मेसेज तिथे नसतात.

ताई, पहाटेचा बॅकअप तुम्ही कुठल्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये बघितलात? खुणेच्या की बिनखुणेच्या?

फराळवाली_नौपाडा

बिनखुणेच्या. आत्ता खुणेच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असं उघडलं. गूगल अकाउंटच्या जागी 'काहीही निवडलेलं नाही' असं आहे. निवडायला गेले तर यादीत एकही अकाउंट नाही.

घणसोलीचा_नाना

तिथेच गोम आहे. मुख्य फोनमधलं गूगल अकाउंट भाडेकरूला दिसत नाही. काही फोनमध्ये ड्युअल अ‍ॅपच्याच सेटिंगमध्ये आत जाऊन गूगल सेवा चालू करून अकाउंट नव्याने भरावं लागतं. काही फोनमध्ये तेही धड चालत नाही. गेलेलं परत येण्याची आशा धरू नका, वाईट वाटतं सांगायला. पण ज्यांचा क्लोन अजून शाबूत आहे त्यांनी आज ही ओळ उघडून बघा: शेवटचा ड्राइव्ह बॅकअप कधीचा?

कळव्याचे_काका

माझा एकच नंबर आहे आणि फोन दोन. दोन्हीकडे तेच व्हॉट्सअ‍ॅप हवं आहे. क्लोन केला तर दुसरीकडे ओटीपी टाकताच पहिलीकडचं बंद पडतं. उपाय?

घणसोलीचा_नाना

काका, तुमचा प्रश्न उलटा आहे. एका नंबरासाठी क्लोन नको, 'लिंक्ड डिव्हाइसेस' वापरा. मुख्य फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात. मुख्य फोन 14 दिवस वापरला नाही तर जोडलेली सुटतात, तेवढं सांभाळा.

खारघर_सेक्टर१२

माझ्या फोनमध्ये ड्युअल अ‍ॅपची सोयच नव्हती, म्हणून शेल्टर नावाच्या अ‍ॅपने वर्क प्रोफाइल, म्हणजे ऑफिसच्या अ‍ॅपसाठी असतो तो फोनमधला वेगळा कप्पा, उघडून त्यात दुसरं व्हॉट्सअ‍ॅप टाकलं. चिन्हावर छोटी बॅग येते. पहिल्या दिवशी सगळे लोक नुसते नंबर म्हणून दिसले, कारण प्रोफाइलला माझे कॉन्टॅक्ट वाचता येत नाहीत. तिकडे वेगळे सेव्ह करावे लागले. गॅलरीतला फोटो तिकडून पाठवायला गेले तर गॅलरी रिकामी.

आणि एक मजा. वर्क प्रोफाइल 'पॉज' करता येतो. मी रात्री पॉज करायचे, शांत झोप. एकदा शनिवारी सकाळी चालू करायला विसरले. सासूबाई सोमवारी विचारतात, 'माझ्या मेसेजला एकच टिक का?' प्रोफाइल चालू केला तर धडाधड चाळीसेक मेसेज. पोचले नव्हते, पण हरवलेही नव्हते.

महापे_शिफ्टवाला

माझं दुखणं यापेक्षा मोठं. ऑफिसने फोनवर वर्क प्रोफाइल टाकला होता. प्ले स्टोअरमधून व्हॉट्सअ‍ॅप घ्यायला परवानगी होती, म्हणून दुसरा नंबर त्यातच चालवला. नोकरी सोडली त्या संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत असतानाच बॅगवाली सगळी चिन्हं गायब. माझे फोटो, बाकीचं सगळं जागेवर, पण बॅगेतलं काही उरलं नाही. मी उगाच घाबरायचो की ऑफिसवाले माझे खासगी फोटो बघतील. ते त्यांना दिसतच नाहीत. पुसण्याचा अधिकार मात्र त्या कप्प्यावर त्यांचाच.

घणसोलीचा_नाना

आमच्याकडे ते पुसण्याचं बटण मीच दाबतो. शेवटच्या दिवसाच्या आधी सांगतोही, कुणी ऐकत नाही. आणि बहुतेक फोनवर वर्क प्रोफाइल एकच होतो, ऑफिसचा असेल तर शेल्टर बसणार नाही.

ऐरोली_लोकल

मग क्लोनच्या भानगडीत पडायचंच कशाला? ऑक्टोबर 2023 पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्येच 'अकाउंट जोडा' आहे. सेटिंग्जमध्ये नावाशेजारचा बाण दाबा. नाहीतर बिझनेस अ‍ॅप टाका, ते वेगळंच अ‍ॅप आहे, दुसऱ्या नंबरवर निवांत चालतं.

घणसोलीचा_नाना

हे पूर्ण बरोबर. नवीन सुरुवात करणाऱ्याने हेच करावं. पण चालू क्लोनमधून तिकडे उडी मारताना आधी त्याचा ड्राइव्ह बॅकअप घ्या, घरातल्या जुन्या फोनवर तोच नंबर टाकून तो उतरवून बघा. जुन्यातला जुना एखादा फोटो उघडतोय का, हे पाहिल्याशिवाय क्लोनला हात लावू नका.

खारघर_सेक्टर१२

माझ्या दुसऱ्या नंबरचं सिम ड्रॉवरमध्ये पडलंय. ओटीपीपुरतंच बाहेर काढते. नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार विभागाने सिम फोनमध्ये असल्याशिवाय मेसेजिंग अ‍ॅप चालू नये असे निर्देश दिले, तेव्हापासून धाकधूक आहे. क्लोन आणि वर्क प्रोफाइलमधून सिम कसं ओळखणार? कुणाला अनुभव?

फराळवाली_नौपाडा

मी दुसरा नंबर आता बिझनेस अ‍ॅपमध्ये घेतला. बॅकअपच्या ओळीत माझं अकाउंट दिसतंय, आज पहाटे 2 वाजताची वेळही दिसतेय. ग्राहकांना एकच मेसेज टाकला, 'कृपया पत्ता आणि तिखटाचं प्रमाण पुन्हा कळवा.' तेवीस जणांनी कळवलं. राममारुती रोडच्या आजींनी फोन करून विचारलं, 'अगं, दोन वर्षं देतेस ना, विसरलीस होय?'